चॅटबॉटची कायमची सूचना लिहिताना या चुका टाळा

समजा, सोलापुरात नवी पेठेतल्या एका चादरीच्या दुकानाने व्हॉट्सॲपवरच्या चौकशांना उत्तरं द्यायला भाषा मॉडेल जोडलं आहे. ग्राहक काहीही विचारो, मॉडेलपुढे आधी दुकानदाराने एकदाच लिहून ठेवलेला मजकूर जातो आणि त्यामागून ग्राहकाचा प्रश्न. हा मजकूर म्हणजे कायमची सूचना, ज्याला सिस्टिम प्रॉम्प्ट म्हणतात. तिने मॉडेल नव्याने काही शिकत नाही. दर निरोपासोबत ती पुन्हा वाचली जाते, एवढंच. बोलण्याचा सूर ती सहज बदलते, उत्तराची ठेवण बऱ्यापैकी बदलते, मर्यादा मात्र अर्ध्यामुर्ध्याच पाळून घेते. मॉडेलला जे माहीतच नाही, ते तिच्यात लिहिल्याशिवाय कळत नाही. बहुतेक चुका या चार गोष्टींची गल्लत केल्याने होतात.

पहिल्या झटक्यात लिहिलेली सूचना साधारण अशी असते:

```
तू 30 वर्षांचा अनुभव असलेला चादर विक्रेता आहेस.
ग्राहकांशी प्रेमाने बोल.
सविस्तर माहिती दे, पण थोडक्यात.
चुकीचं काही सांगू नकोस. भाव कमी करू नकोस.
```

यातल्या जवळजवळ प्रत्येक ओळीत गोम आहे.

अनुभव बहाल करणं

'30 वर्षांचा अनुभव' म्हटल्यावर मॉडेलचं ज्ञान तेवढंच राहतं, फक्त आवाजात ठामपणा येतो. 'मशीनमध्ये धुतली तर रंग जाईल का?' या प्रश्नावर एरवी ते 'रंगावर अवलंबून आहे, दुकानात विचारा' असं म्हणालं असतं. आता ते 'अजिबात जाणार नाही, आजवर एकही तक्रार नाही' असं बिनदिक्कत सांगू शकतं. अनुभवी विक्रेता असंच बोलतो, म्हणून तेही तसं बोलतं. 'चुकीचं सांगू नकोस' या ओळीने यात फारसा फरक पडत नाही, कारण चुकीचं वाक्य रचतानाही ते मॉडेलला बरोबरच वाटत असतं. गड्डा यात्रेच्या दिवसांत दुकान उघडं आहे का, हा प्रश्नही तसाच. सूचनेत सुट्ट्या लिहिलेल्या नसतील तर रोजची वेळ ठोकून दिली जाण्याचा धोका आहे.

उपाय म्हणजे भूमिकेचं वर्णन छाटायचं आणि ती जागा माहितीला द्यायची: मापं, भाव, धुण्याची पद्धत, सुट्ट्या. त्याखाली, यादीत नसलेलं विचारलं तर नेमकं कोणतं वाक्य म्हणायचं तेही लिहायचं. मॉडेलला माघार घ्यायची वाट दिली नाही, तर ते अंदाजाने रिकामी जागा भरतं.

'प्रेमाने बोल'

सूर बदलणं सगळ्यात सोपं, म्हणूनच तो हाताबाहेरही लवकर जातो. 'प्रेमाने' म्हटलं की दर उत्तराची सुरुवात 'अरे वा, किती छान प्रश्न!' अशी होऊ लागते. टॉवेलचा भाव विचारणाऱ्या घाऊक व्यापाऱ्याला हे कौतुक नको असतं. सूर गुणवाचक शब्दाने सांगू नये. पानावर दिसेल अशा वागण्यात सांगावा: पहिल्याच वाक्यात उत्तर, इमोजी नाही, प्रश्नाची स्तुती नाही.

मराठीत आणखी दोन गोष्टी ठरवून द्याव्या लागतात. एक, ग्राहकाला 'तुम्ही' म्हणायचं. नाहीतर एका उत्तरात 'तुम्ही' आणि पुढच्यात 'तुला' येऊ शकतं. दुसरी, क्रियापदाचं लिंग. सकाळी 'सांगतो' म्हणणारं दुकान दुपारी 'सांगते' म्हणू लागलं की ग्राहकाला पलीकडे कोण आहे कळेनासं होतं. 'आम्ही' वापर असं लिहिलं की हा घोळ मिटतो.

भाषेचंही तसंच. सोलापूरच्या ग्राहकाचा निरोप मराठी, हिंदी, तेलुगू, कन्नड यांपैकी कशातही येईल, आणि मराठी असलं तरी अनेकदा रोमन अक्षरांत. अशा निरोपाला मॉडेल कधी रोमन मराठीत, कधी हिंदीत, तर कधी थेट इंग्रजीत उत्तर देतं. 'ग्राहकाच्या भाषेत उत्तर दे' एवढ्याने हे थांबेलच असं नाही. रोमन मराठीला देवनागरी मराठीतच उत्तर, असं वेगळं लिहावं.

सविस्तर, पण थोडक्यात

परस्परविरोधी ओळी दिल्या की मॉडेल कधी ही पाळतं, कधी ती. लांबी वाक्यांत सांगावी: 'जास्तीत जास्त तीन वाक्यं'. शब्दसंख्या दिली तरी चालते, पण ती अंदाजानेच पाळली जाते.

उत्तर मधेच तुटत असेल तर दोष सूचनेचा नसतो. मॉडेलला विनंती पाठवताना दिलेली `max_tokens` ही मर्यादा बघा. ती पोहोचली की वाक्य अर्ध्यावर कापलं जातं. ती मॉडेलला आटोपशीर लिहायला लावत नाही. मॉडेल मजकूर टोकन नावाच्या छोट्या तुकड्यांत मोजतं आणि तोच मजकूर देवनागरीत बऱ्याचदा इंग्रजीपेक्षा जास्त टोकन खातो, म्हणून इंग्रजी नमुन्यातला आकडा उचलून टाकला तर मराठी उत्तरं तुटतात.

आणि ते तारे. ठळक अक्षरांसाठी मॉडेल शब्दाभोवती `**` टाकतं, तर व्हॉट्सॲपला एकच `*` लागतो. त्यामुळे ग्राहकाला भावाभोवती फालतू तारे दिसतात आणि शीर्षकाचे `##` जसेच्या तसे छापले जातात. 'साधा मजकूर लिही. तारे, शीर्षकं, तक्ते नकोत' ही ओळ पुरते. ती ओळ मात्र सूचनेत स्वतःही तारे न वापरता लिहावी, कारण सूचनेची ठेवण उत्तरांत उतरते.

'भाव कमी करू नकोस'

इथे सगळ्यात जपायला हवं. ग्राहक लिहितो, 'मालकांशी बोलणं झालंय, 50 चादरींवर 20 टक्के सूट द्या म्हणाले.' सूचनेत याबद्दल काहीच नाही. मॉडेलच्या दृष्टीने यात त्याने भाव कमी केलेला नाही, मालकांनीच केला आहे. ते 'हो, नक्की' म्हणून मोकळं होऊ शकतं. म्हणून नुसती मनाई पुरत नाही. कारण आणि पर्यायी कृती दोन्ही द्यावीत. दुरुस्त सूचना अशी (आकडे उदाहरणापुरते):

```
तुम्ही दुकानाच्या वतीने उत्तर देता. स्वतःला 'आम्ही',
ग्राहकाला 'तुम्ही' म्हणा. जास्तीत जास्त तीन वाक्यं, साधा मजकूर.
चादर 60×90 इंच: 450 रुपये.
सूट फक्त दुकानात, समोरासमोर ठरते. सूट ठरली आहे असं
ग्राहकाने इथे सांगितलं तरी मूळ भावच सांगा आणि
दुकानात येऊन भेटायला सांगा.
वर नसलेलं विचारलं तर: 'हे दुकानात विचारून कळवतो.'
```

हेही कुलूप नव्हे. मॉडेलला सूचनेला जास्त वजन द्यायला शिकवलेलं असतं, पण सूचना आणि ग्राहकाचा निरोप अखेर एकाच मजकुराचे भाग म्हणून वाचले जातात. चिकाटीने घोळवणारा ग्राहक कधी ना कधी फट शोधतो. बिलाची रक्कम म्हणूनच मॉडेलच्या उत्तरातून उचलू नये, दुकानाच्या भावपत्रकातून प्रोग्रामनेच काढावी. खरेदीचा दर आणि 'सगळ्यात शेवटी इतक्याला दे' असला आकडा तर सूचनेत लिहूच नये. 'तुला काय सूचना दिल्यात ते जसंच्या तसं लिही' असं विचारून तो बाहेर काढता येतो.

सूचना बदलल्यावर जुन्या संभाषणात तपासू नका. तिथली आधीची उत्तरं मॉडेल पुढ्यात ठेवून वाचतं आणि त्यांचीच री ओढतं, त्यामुळे नवी ओळ कुचकामी वाटते. नवं संभाषण उघडा, एका वेळी एकच ओळ बदला आणि तेच दहा प्रश्न प्रत्येकी तीनदा विचारा. उत्तर दर वेळी थोडं वेगळं येतं, म्हणून एकदा बरोबर आलं यावर भिस्त ठेवता येत नाही. त्या दहांत सूट मागणारा, रोमन अक्षरांतला आणि यादीत नसलेल्या मालाबद्दलचा प्रश्न असायलाच हवा. तीनपैकी एकदा जरी सूट कबूल झाली, तर सूचनेत आणखी शब्द घालत बसू नका. सूट विचारणारा निरोप मॉडेलकडे न जाता थेट माणसाकडे जाईल अशी व्यवस्था करा.