घन बहुपदी (x − 2) च्या घातांत लिहिताना: सहगुणकांची तुलना

अकरावीच्या मुलांचा गणिताचा सराव घेताना हा प्रश्न मी दरवर्षी देते: 3x³ − 4x² + 5 ही बहुपदी (x − 2) च्या घातांत लिहा. उदाहरण मुद्दाम निवडलेलं आहे, कारण त्यात x चं पद नाही. नवखी मुलं नेमकी तिथे अडखळतात.

सुरुवात अशी करायची:

3x³ − 4x² + 5 = A(x − 2)³ + B(x − 2)² + C(x − 2) + D

ही नित्य समानता आहे, म्हणजे x ची कोणतीही किंमत घातली तरी दोन्ही बाजू सारख्याच यायला हव्यात. नेहमीच्या समीकरणासारखं इथे x शोधायचं नाही. शोधायचे आहेत A, B, C, D. सहगुणकांची तुलना करण्याची मुभाही यातूनच मिळते. दोन्ही बाजूंची वजाबाकी केली तर जास्तीत जास्त तिसऱ्या घाताची बहुपदी उरते, आणि ती x च्या प्रत्येक किमतीला शून्य असते. शून्य नसलेल्या घन बहुपदीला तीनपेक्षा जास्त मुळं असूच शकत नाहीत. तेव्हा त्या वजाबाकीतला प्रत्येक सहगुणक शून्यच असला पाहिजे. हे कारण कळल्याशिवाय पुढच्या ओळी पाठ करू नका, असं मी मुलांना बजावून सांगते.

आता विस्तार. (x − 2)³ = x³ − 6x² + 12x − 8 आणि (x − 2)² = x² − 4x + 4. डावीकडे गाळलेलं पद 0x म्हणून लिहून ठेवा, नाहीतर x च्या ओळीत चुकून 5 येऊन बसतो. मग वरच्या घातापासून खाली उतरत जायचं:

x³: A = 3
x²: −6A + B = −4, म्हणून B = 14
x: 12A − 4B + C = 0, म्हणजे 36 − 56 + C = 0, म्हणून C = 20
स्थिर पद: −8A + 4B − 2C + D = 5, म्हणजे −24 + 56 − 40 + D = 5, म्हणून D = 13

प्रत्येक ओळीत एकच नवा अज्ञात येतो, त्यामुळे चार समीकरणं एकदम सोडवत बसावी लागत नाहीत. उत्तर आलं: 3(x − 2)³ + 14(x − 2)² + 20(x − 2) + 13.

पडताळा कसा घ्यायचा, हे मात्र नीट समजून घ्या. x = 2 ठेवलं की उजवीकडे फक्त D उरतो. डावीकडे 24 − 16 + 5 = 13. जुळलं. वाटेल की यातून फक्त D तपासला गेला, B आणि C चं काय? पण D काढताना आपण B आणि C वापरलेले असतात. त्यामुळे वर कुठे एक चूक झाली असेल तर ती घसरत D पर्यंत पोचतेच. समजा चिन्ह चुकून B = −22 घेतला. मग C = −124 आणि D = −131 येतो, 13 नाही. चूक लगेच डोळ्यांत भरते.

पण पुष्कळ मुलं हुशारी करतात आणि D सुरुवातीलाच x = 2 ठेवून काढून घेतात. शेष सिद्धांत माहीत असला की तो मोह होतोच, आणि त्यात गैर काही नाही. फक्त मग x = 2 चा पडताळा वापरून संपलेला असतो. अशा वेळी स्थिर पदांची तुलना पडताळ्यासाठी राखून ठेवावी, किंवा x = 3 ठेवावं. x = 3 ला उजवीकडे चारही सहगुणकांची बेरीज उरते: 3 + 14 + 20 + 13 = 50, आणि डावीकडे 81 − 36 + 5 = 50. दोन चुका एकमेकींना खाऊन टाकतात असंही कधी घडतं, म्हणून परीक्षेत वेळ असेल तर दोन्ही पडताळे घ्या.

नववीत शिकलेला संश्लेषक भागाकार आठवत असेल तर तो इथे अधिक झटपट आहे. 3, −4, 0, 5 या सहगुणकांना 2 ने भागलं की बाकी 13 उरते आणि भागाकार 3, 2, 4 येतो. त्यालाच पुन्हा 2 ने भागा: बाकी 20, भागाकार 3, 8. आणखी एकदा: बाकी 14, आणि शेवटी 3. बाक्या उलट्या क्रमाने वाचा, म्हणजे आपलेच A, B, C, D. पण प्रश्नात ‘सहगुणकांची तुलना करून’ असं स्पष्ट म्हटलं असेल तर तुलनेच्या ओळी लिहाव्याच लागतात. तिथे भागाकार बाजूला, कच्च्या कामात पडताळ्यासाठी करावा.

हे रूप कामाला कुठे येतं, असं विचारलं की मी x = 2.01 घालायला सांगते. मूळ रूपात 2.01 चा घन करत बसावं लागतं. नव्या रूपात x − 2 = 0.01, म्हणून 13 + 0.2 + 0.0014 + 0.000003 = 13.201403. पदं भराभर लहान होत जातात, त्यामुळे साधारण उत्तर हवं असेल तर पहिली दोनच पदं घेऊन 13.2 म्हणता येतं. अवकलज शिकून झालेल्या मुलांना यातला 20 ओळखीचा वाटतो: x = 2 ला या बहुपदीच्या अवकलजाची, म्हणजे 9x² − 8x ची, किंमत 36 − 16 = 20 च आहे.