कोकम आगळाचे वर्णन मी कसे आटोपते घेतले

माझ्या वहिनी घरी केलेले कोकम आगळ ऑनलाइन विकतात. त्यांनी लिहिलेल्या सुमारे ३०० शब्दांच्या वर्णनात कोकणची लाल माती, आजीच्या हाताची चव, पित्तावरचा रामबाण उपाय असे सारे काही होते. मात्र आगळ खारट असते, ही गोष्ट अगदी शेवटी आली होती. त्यामुळे सरबत समजून मागवलेल्या बाटल्या ‘खराब माल’ म्हणून परत येत.

मी प्रथम त्या तक्रारी वाचल्या आणि मोबाइलवर ‘आणखी वाचा’च्या आधी दोन-तीनच ओळी दिसत असल्याने खारटपणा तिथे आणला. पित्ताचा दावा काढला, कारण खाद्यपदार्थाने रोग बरा होतो असे सांगून विकणे नियमात बसत नाही. उरले ते असे:

‘कोकम आगळ, ५०० मिली. चव खारट-आंबट, हे गोड सरबत नव्हे. सोलकढी किंवा आमटीसाठी. घटक: कोकमाचा रस, मीठ. तळाशी गाळ बसतो. बाटली हलवून वापरावी.’

गाळाचा उल्लेख वहिनींना खटकत होता. परंतु तो न केल्यास पुढची तक्रार त्याचीच आली असती, म्हणून मी तो ठेवायला लावला.