टायट्रेशनची रीडिंग जुळत नसतील तर अर्धा थेंब वापरून पाहा

ऑक्झॅलिक आम्ल फ्लास्कमध्ये आणि सोडियम हायड्रॉक्साइड ब्युरेटमध्ये घेऊन टायट्रेशन केलं, की रीडिंग कधी ९.८, कधी १०.१, कधी १०.३ मिली येतात. माझ्या अनुभवात दोष बहुतेक वेळा द्रावणांचा नसतो, शेवटच्या मिलीलिटरमधल्या घाईचा असतो.

१. सुरू करण्यापूर्वी तोटीखालची नळी बघा. तिथे बुडबुडा असेल तर तोटी झटक्यात पूर्ण उघडून तो बाहेर काढा. तो मध्येच सुटला तर त्याची जागा द्रावण घेतं आणि तेवढं रीडिंग वाढतं. पहिलंच रीडिंग जास्त आणि पुढची जुळणारी असतील, तर आधी हाच संशय घ्या.

२. पहिलं टायट्रेशन अंदाजापुरतं करा. ते १० मिलीच्या आसपास आलं, तर पुढच्या वेळी ९ मिलीपर्यंत बिनधास्त सोडा. तिथून एकेक थेंब, प्रत्येक थेंबानंतर फ्लास्क फिरवत.

३. गुलाबी छटा विरायला वेळ लागू लागली, की अर्धा थेंब घ्या. तोटी जेमतेम उघडून थेंब टोकाला लोंबकळू द्या, फ्लास्कच्या आतल्या काचेला टेकवा आणि डिस्टिल्ड वॉटरने खाली धुऊन घ्या. हे पाणी रीडिंग बदलत नाही, कारण आम्लाचं प्रमाण तेवढंच राहतं. पूर्ण थेंब साधारण ०.०५ मिलीचा असतो, म्हणून हा खटाटोप.

फिकट गुलाबी रंग अर्धा मिनिट टिकला की थांबा. नंतर तो हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे उडतो. तेव्हा आणखी थेंब टाकू नका.