३८४ आले कुठून? प्रबंधाचं प्रकरण तपासायचे तीन प्रश्न

सर्वेक्षणावरच्या प्रबंधात संशोधन पद्धतीचं प्रकरण गुळगुळीत लिहिलेलं असतं, पण ते विद्यार्थ्याला कळलंय की जुन्या प्रबंधातून उचललंय, हे वाचून समजत नाही. "हे प्रकरण समजावून सांग" म्हटलं की पाठ केलेलं ऐकू येतं. त्यापेक्षा नमुन्याचा आकडा धरा. तो बहुधा ३८४ असतो. प्रबंध बंद करून, कागद-पेन देऊन विचारा:

१. ३८४ कसे आले? ९५ टक्के विश्वासपातळी, ५ टक्के त्रुटी आणि प्रमाण ५० टक्के धरलं, एवढं आलं तरी पुरे. ५० का, हा उपप्रश्न. (त्याला नमुना सर्वांत मोठा लागतो, म्हणून.)

२. त्रुटी ५ ऐवजी अडीच टक्के हवी असेल तर? "दुप्पट" म्हणाला तर सूत्र नुसतं उतरवलंय. त्रुटीचा वर्ग छेदात असतो, म्हणून चौपट, म्हणजे सुमारे १,५३७.

३. ही माणसं निवडली कशी? फॉर्म ओळखीच्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला असेल, तर ३८४ लोकांमुळे ५ टक्क्यांची हमी मिळते का? मिळत नाही, हे गणित यादृच्छिक निवडीचं आहे. खरी परीक्षा इथेच होते. समजणारा विद्यार्थी जरा थांबतो आणि मर्यादा कबूल करतो.

मात्र सूत्र तोंडपाठ नाही म्हणून गुण कापू नका. सूत्र लिहून द्या, मग विचारा. इंग्रजीत अडखळला तर मराठीत बोलू द्या.