दोनशे मेलऐवजी बारा कारखाने

भोसरीत आमची गेज कॅलिब्रेशनची लॅब आहे, म्हणजे कारखान्यातली मोजमापाची साधनं अचूक आहेत का ते आम्ही तपासतो. पूर्वी दोनशे कंपन्यांना एकच मेल जायचा आणि उत्तर यायचं, "दुसऱ्या लॅबशी वार्षिक करार झालाय."

आता वहीत फक्त बारा कारखाने आहेत. दर सोमवारी त्यांच्या नोकरीच्या जाहिराती बघतो. एकाच इन्स्पेक्टरची जागा म्हणजे बहुधा कोणी सोडून गेलंय, ती सोडून देतो. मार्चमध्ये मात्र चाकणच्या एका कारखान्याला सुटे भाग मोजणाऱ्या सीएमएम मशीनचा ऑपरेटर आणि तीन इन्स्पेक्टर एकदम हवे होते. म्हणजे नवी लाइन, नवे गेज. त्याच आठवड्यात क्वालिटी हेडना फोन केला, "साहेब, नव्या लाइनच्या गेजची यादी तयार होतेय का?" होत होती. चाळीस गेजचं काम मिळालं. जुना करार तसाच राहिला.