आई मुलाला घेऊन परदेशी, बाबा मागे: संमतीपत्राच्या या चुका टाळा

मे महिन्याची सुट्टी जवळ आली की आई आणि मूल दोघंच परदेशी निघाल्याची उदाहरणं आसपास दिसू लागतात. बाबांना रजा नसते, किंवा ते आधीच बाहेरगावी असतात. तिकीट आणि व्हिसा यांची काळजी सगळे घेतात. मागे राहिलेल्या पालकाचं संमतीपत्र मात्र निघायच्या आदल्या आठवड्यात घाईघाईत तयार होतं, आणि ज्या चुका पुढे नडतात त्या तिथेच होतात.

देशादेशांचे नियम वेगळे असल्यामुळे इथे एकच प्रवास धरून बोलू. आई पुण्यात नोकरी करते, मुलगा आठ वर्षांचा. वडील मर्चंट नेव्हीत इंजिनियर आहेत आणि मार्चमध्ये जहाजावर जाणार आहेत. मावशी टोरांटोजवळ मिसिसॉगाला राहते. मे-जूनमध्ये महिनाभर तिच्याकडे जायचं ठरलंय.

मूल एकाच पालकासोबत येत असेल तर कॅनडाचं इमिग्रेशन खातं दोन गोष्टी सोबत ठेवायला सांगतं: मुलाच्या जन्मदाखल्याची प्रत आणि सोबत नसलेल्या पालकाचं सहीचं संमतीपत्र, शक्यतो इंग्रजी किंवा फ्रेंचमध्ये. त्याला त्या पालकाच्या पासपोर्टच्या सही असलेल्या पानाची झेरॉक्स जोडावी, म्हणजे पत्रावरची सही कशाशी ताडायची हे अधिकाऱ्याला लगेच कळतं. मागणी एवढीच आहे, पण यातल्या प्रत्येक कागदात अडकायला जागा आहे.

‘पासपोर्टच्या वेळी दोघांनी सही केलीच होती’

हा गैरसमज फार पसरलेला आहे. मुलाचा पासपोर्ट काढताना आईवडील ‘परिशिष्ट डी’ भरून देतात. ती संमती फक्त पासपोर्ट द्यायला असते. या मुलाने या तारखांना, या व्यक्तीसोबत, या देशात जायला आमची हरकत नाही, असं तिच्यात कुठेही म्हटलेलं नसतं. म्हणून प्रवासासाठी वेगळं पत्र लागतं, आणि पुढचा प्रवास आला की त्यासाठी नवं.

याचाच दुसरा प्रकार म्हणजे ‘व्हिसा मिळाला, आता पत्राचं काय काम?’ व्हिसाच्या अर्जासोबत पत्र अपलोड केलेलं असतं हे खरं. पण विमानातून उतरल्यावर सीमेवरचा अधिकारी आपला निर्णय स्वतंत्रपणे घेतो, आणि तेव्हा त्याच्यासमोर तुमचा कागद असावा लागतो. मूळ पत्र आणि जन्मदाखला हातातल्या बॅगेत, पासपोर्टसोबतच ठेवा. चेक-इन बॅगेत टाकलेल्या कागदाचा इमिग्रेशनच्या रांगेत उपयोग नाही. मोबाइलमधला फोटो जोडीला असू दे, पण त्याच्यावर विसंबू नका.

सहीची तारीख आणि माणूस कुठे होता

आपल्या उदाहरणातली खरी अडचण इथे आहे. वडील मार्चमध्ये जहाजावर जाणार आणि प्रवास मे महिन्यात. तिकिटं एप्रिलमध्ये निघतील तेव्हा पत्र करू, असं ठरवलं तर एप्रिलमध्ये वडील समुद्रात असतील. मग घरातलं कुणीतरी सुचवतं, ‘आधीच एका कोऱ्या कागदावर सही घेऊन ठेवू, ओळखीचा नोटरी आहे, नंतर शिक्का मारून देईल.’ हे करू नका. नोटरीच्या शिक्क्यावर आणि त्याच्या नोंदवहीत तारीख असते. त्याच दिवशी वडील देशाबाहेर होते हे त्यांच्या पासपोर्टवरच्या शिक्क्यांवरून आणि सीडीसी या खलाशांच्या नोंदपुस्तिकेतल्या नोंदींवरून उघड दिसतं. पत्रात लिहिलेलं सगळं खरं असलं तरी तो कागद खोटा ठरतो, आणि अधिकाऱ्याचा विश्वास एकदा उडाला की बाकीच्या कागदांकडेही तो संशयाने पाहतो.

मार्ग सोपा आहे. वडील निघण्याआधी, तिकिटं नसतानाच पत्र करायचं. त्यात फ्लाइट नंबर लिहायचाच नाही. ‘१ मे ते ३० जून या काळात’ असा प्रवासाचा कालावधी लिहायचा. फ्लाइट नंबर आणि नेमक्या तारखा लिहिलेलं पत्र विमान कंपनीने वेळापत्रक बदललं की चुकीचं दिसू लागतं. कालावधी दोन्ही टोकांना थोडा सैल ठेवला की परतीचं विमान चार दिवस पुढे गेलं तरी पत्र लागू राहतं. मात्र ‘कधीही, कुठेही’ असं मोघम लिहू नका. देश, तिथला पत्ता, कुणाकडे राहणार त्यांचं नाव आणि नातं हे नेमकं हवं.

वडील आधीच बाहेर गेले असतील तर? नोकरीनिमित्त दुबईला किंवा सिंगापूरला असतील तर तिथल्या भारतीय वाणिज्य दूतावासात किंवा उच्चायुक्तालयात वेळ घेऊन, समोर सही करून ती साक्षांकित करून आणता येते. टपालाचे दिवस धरून हे निदान महिनाभर आधी सुरू करावं. जहाजावरच्या माणसाला ती सोय सहसा नसते. म्हणूनच अशा घरांत पत्र हे जहाजावर जाण्याच्या तयारीचाच भाग समजावं.

नोटरीबद्दल एक गोष्ट. कॅनडात शिरायला पत्र नोटरी केलेलंच हवं असा कायदा नाही, पण नोटरीसमोर केलेल्या सहीला वजन येतं, म्हणून ते जरूर करावं. सही नोटरीसमोर करायची, सोबत मूळ पासपोर्ट न्यायचा. सही पासपोर्टवर आहे तशीच करायची: तिथे मराठीत असेल तर इथेही मराठीत. शिक्क्यात नोटरीचं नाव, नोंदणी क्रमांक आणि तारीख वाचता येतेय ना, हे तिथेच पाहून घ्या. फिकट उमटलेला शिक्का स्कॅनमध्ये अजिबात दिसत नाही. काही एजंट ‘अपोस्टिलही करून घ्या’, म्हणजे परदेशात चालावं म्हणून परराष्ट्र खात्याचं प्रमाणीकरणही घ्या, असं म्हणत पैसे लावतात. कॅनडाच्या व्हिजिटर व्हिसासाठी या पत्रावर अपोस्टिल मागितलेलं नाही. दुसऱ्या देशाच्या वकिलातीने लेखी मागितलं तरच ते करावं.

आईचं नाव दोन ठिकाणी दोन

आपल्याकडे ही चूक घराघरात असते, कारण ती कुणाला चूक वाटतच नाही. आईचा पासपोर्ट लग्नाआधीचा, त्यावर माहेरचं नाव आणि वडिलांचं नाव मधे. मुलाच्या जन्मदाखल्यावर आईचं सासरचं नाव. मुलाच्या पासपोर्टवर त्याच्या वडिलांचं नाव आणि आडनाव. आपल्याला हे पाहताक्षणी समजतं. परदेशातल्या अधिकाऱ्यासमोर मात्र देशपांडे आडनावाची एक बाई कुलकर्णी आडनावाच्या मुलाला घेऊन उभी असते, आणि जन्मदाखल्यावर आई म्हणून तिसरंच नाव असतं.

दोन नावांना जोडणारा कागद म्हणजे विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र. ते सोबत ठेवा. शिवाय संमतीपत्रात आईचं नाव आधी पासपोर्टप्रमाणे लिहा आणि लगेच पुढे ‘जन्मदाखल्यावर हिची नोंद अमुक नावाने आहे’ असं वाक्य घाला. वडिलांच्याच सहीने ही माहिती आलेली असल्यामुळे प्रश्न बहुतेक वेळा तिथेच मिटतो. वेळ असेल तर आईचा पासपोर्ट नव्या नावाने करून घेता येतो, पण निघायला महिना उरला असताना त्यात पडू नका. व्हिसा जुन्या पासपोर्टवर असेल तर गुंता वाढेल.

जन्मदाखला काढून एकदा नीट वाचा. जन्मानंतर लगेच काढलेल्या दाखल्यावर पुष्कळदा बाळाचं नावच नसतं; तो रकाना मोकळा असतो. असा दाखला मुलाला आईवडिलांशी जोडत नाही. महापालिकेत किंवा ग्रामपंचायतीत नाव नोंदवून नवा दाखला घ्यावा लागतो. एक वर्षाच्या आत ही नोंद विनाशुल्क होते आणि त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून करता येते. आपल्याकडचे अलीकडचे दाखले मराठी-इंग्रजी दोन्ही भाषांत असतात. जुना फक्त मराठी दाखला असेल तर दोन्ही भाषांतला नवा मागा, भाषांतर करून घेण्यापेक्षा ते बरं.

फोन लागला नाही तर

अधिकाऱ्याला शंका आली तर तो पत्रावरच्या नंबरवर फोन करू शकतो. उन्हाळ्यात टोरांटोची वेळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असते. तिथे दुपारी तीनला उतरलात तर इथे रात्रीचे साडेबारा वाजलेले असतात, आणि नेमका त्याच वेळी मागे राहिलेल्या पालकाचा फोन सायलेंटवर असतो. उतरायची वेळ इथल्या घड्याळात लिहून द्या आणि फोन जागा ठेवायला सांगा.

जहाजावरच्या वडिलांचा फोन लागणारच नाही हे आधीच माहीत असतं, तर पत्रात तसं सरळ लिहा: मी अमुक तारखेपासून जहाजावर आहे, फोनवर मिळणार नाही, ईमेल हा, आणि भारतात या नंबरवर मुलाचे आजोबा बोलतील. सोबत कंपनीच्या नेमणूकपत्राची प्रत ठेवा. लागत नसलेल्या नंबरपेक्षा न लागण्याचं कारण कागदावर असणं कितीतरी चांगलं.

मुलालाही प्रश्न विचारले जाऊ शकतात. ही कोण, कुठे चाललात, बाबा कुठे आहेत? त्याला उत्तरं पाठ करून देऊ नका, पाठ केलेलं उत्तर लगेच ओळखू येतं. बाबा जहाजावर आहेत, आपण मावशीकडे चाललो आहोत, शाळा सुरू व्हायच्या आधी परत येणार, हे त्याला खरोखर माहीत असलं की पुरे. ‘आपण तिकडे सरप्राइज जायचंय’ म्हणून मुलापासून बेत लपवला असेल तर तो विमानात तरी सांगून टाका.

घटस्फोट, ताबा आणि एकच पालक

वडील हयात नसतील तर संमतीपत्राच्या जागी त्यांचा मृत्यू दाखला सोबत घ्यायचा. घटस्फोट झाला असेल तर ‘ताबा माझ्याकडे आहे’ एवढ्यावर थांबू नका, हुकूमनामा शेवटच्या पानापर्यंत वाचा. परस्पर संमतीच्या घटस्फोटात वडिलांच्या भेटीचे दिवस आणि न्यायालयाच्या परवानगीशिवाय मुलाला देशाबाहेर नेऊ नये अशी अट पुष्कळदा मागच्या कलमांमध्ये असते. तशी अट असेल तर वडिलांचं पत्र मिळालं तरी आधी कौटुंबिक न्यायालयात अर्ज करा आणि आदेशाची प्रमाणित प्रत हातात आल्यावर तिकीट काढा. अट नसेल तरी हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत आणि शक्य असेल तर वडिलांचं पत्र, दोन्ही ठेवा. ताब्याचा दावा अजून चालू असेल तर वकिलाला विचारल्याशिवाय व्हिसाचा अर्जही करू नका. दुसऱ्या बाजूने मनाई हुकूम आणला असेल तर तुम्हाला मुंबईच्या विमानतळावरूनच मुलासह परत फिरावं लागेल.

एरवी आपल्या विमानतळावर हे पत्र प्रत्येकाकडे मागत नाहीत, आणि म्हणूनच ‘आम्हाला कुणी विचारलंच नाही’ असं सांगणारे भेटतात. मुंबईत विचारलं नाही म्हणजे टोरांटोत विचारणार नाहीत असं नाही. निघण्याच्या आदल्या रात्री सगळे कागद टेबलावर मांडून आईचं, वडिलांचं आणि मुलाचं नाव प्रत्येक कागदावर अक्षर न अक्षर जुळवून पाहा. जिथे जुळत नाही तिथे ते जोडणारा कागद त्या ढिगात आहे ना, तेवढं तपासा.