तीस मिनिटांच्या तासाचं एका पानाचं टाचण

टाचण लिहिताना सगळ्यात जास्त चुकतं ते उद्दिष्ट. ‘विद्यार्थ्यांना अपूर्णांकाची संकल्पना समजावणे’ हे उद्दिष्ट नाही. त्यात शिक्षक काय करणार ते आहे, तास संपल्यावर मूल काय करून दाखवणार ते नाही. समजणं डोळ्यांना दिसत नाही. म्हणून वाक्य ‘मूल’ या शब्दापासून सुरू करा आणि वर्गात पाहता येईल अशा क्रियेवर संपवा.

पाचवीसाठी असं लिहा: ‘अंश १ असलेल्या दोन अपूर्णांकांपैकी मोठा कोणता ते मूल ओळखेल आणि कारण एका वाक्यात लिहील.’ अंश १ असल्याची मर्यादा काढू नका. त्यात २/३ आणि ३/४ घुसवलेत, तर तीस मिनिटांत दोन्ही अर्धवट राहतील.

उद्दिष्टानंतर लगेच पानाच्या तळाशी जा आणि शेवटचा प्रश्न लिहा: ‘१/५ आणि १/६ यांतला मोठा कोणता? का?’ कृतीत न आलेलेच आकडे इथे घ्या, नाहीतर मुलं आठवून उत्तर देतील. हा प्रश्न उद्दिष्टाशी जुळत नसेल, तर उद्दिष्टच पुन्हा लिहा. पुढचं काही लिहायची घाई नको.

आता सुरुवात, चार मिनिटं. पाठाचं नाव मुलांच्या तोंडून काढण्यासाठी सात-आठ प्रश्न विचारत बसणं सोडून द्या. कोल्हापूरच्या मुलांना गुळाचा रवा ठाऊक असतो. एक किलोचा रवा तीन घरांत वाटला आणि तसाच दुसरा चार घरांत, तर जास्त गूळ कुठल्या घराला? बहुतेकांचं उत्तर बरोबर येतं. लगेच फळ्यावर १/३ आणि १/४ लिहून मोठा कोणता ते विचारा. आता बरेच हात १/४ कडे जातात, कारण ४ हा ३ पेक्षा मोठा दिसतो. हात मोजा, आकडे फळ्यावर लिहा, उत्तर सांगू नका.

कृती, सोळा मिनिटं. दोघांत २४ सेंटिमीटरच्या चार कागदी पट्ट्या: एक अख्खी, बाकीच्यांचे दोन, तीन आणि चार समान भाग. मग एकेक भाग एकाखाली एक ठेवून तुलना. अंदाजाने घडी घालून तीन समान भाग होत नाहीत आणि वेळ तिथेच जातो, म्हणून त्या पट्टीवर ८ आणि १६ सेंटिमीटरला खुणा करायला सांगा. पट्ट्या आधीच कापून न्या. लांबी कमी-जास्त झाली, तर तुलनाच खोटी ठरते.

शेवटच्या प्रश्नाला पाच मिनिटं, चिठ्ठीवर. उरलेली पाच कोरी ठेवा, कागद वाटण्यात ती जातातच.

चिठ्ठ्या वाचताना ‘का?’चं उत्तर आधी बघा. ‘१/५ मोठा, कारण ५ लहान आहे’ असं कुणी लिहिलं, तर त्या मुलाने नुसता नियम उचलला आहे. ‘भाग कमी केले म्हणून प्रत्येक भाग मोठा’ हे हवं. पहिल्या प्रकारच्या चिठ्ठ्या जास्त निघाल्या, तर उद्याच्या टाचणात पुन्हा पट्ट्याच घ्या.